द्राक्षाच्या पैशाची एफआयआर : प्रत हातात आल्यावर काय वाचलं

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार. तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातले एक द्राक्ष बागायतदार पुतण्याला घेऊन सांगलीत माझ्याकडे आले. त्यांना इथे अण्णाच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि बारीक तपशील बदलले आहेत. अण्णांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली एफआयआरची प्रत होती. पुतण्याची तक्रार तयारच होती. "वकीलसाहेब, पोलिसांनी चुकीची कलमं लावलीत. जुना कायदा एक जुलैपासून बंद झाला ना? मग ह्यात चारशेवीस कसं?"

प्रश्न चुकीचा असला तरी तो पडणं साहजिक होतं. पहिल्या पानाच्या माथ्यावर 'प्रथम खबर अहवाल, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३ अन्वये' असं छापलं होतं. म्हणजे नवा कायदा. चार बोटं खाली, रकाना दोनमध्ये 'भारतीय दंड संहिता १८६०, कलम ४२०, ४०६, ३४'. म्हणजे जुना कायदा. एकाच पानावर दोन्ही.

प्रत हातात आली की लोक आधी कलमं बघतात, मग आरोपीचं नाव शोधतात आणि कागद मिटतात. माझी सवय उलटी आहे. मी आधी रकाना तीन वाचतो, कारण कलम बरोबर की चूक हे तारखेवरून ठरतं. त्या रकान्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. गुन्हा कधीपासून कधीपर्यंत घडला, ठाण्यात खबर कधी मिळाली, आणि स्टेशन डायरीत नोंद कधी झाली. अण्णांच्या प्रतीत घडल्याची तारीख २२/०२/२०२४ ते ०९/०८/२०२४ होती. खबर मिळाली २८/०८/२०२४ रोजी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आणि डायरीची नोंद त्याच दिवशी सात बेचाळीसची.

दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली. राज्यघटनेच्या कलम २०(१) प्रमाणे, कृत्य घडलं त्या वेळी जो कायदा अमलात होता त्याच कायद्याखाली माणूस दोषी ठरू शकतो. अण्णांचा माल गेला फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून शिक्षेची कलमं दंड संहितेचीच लागणार. गुन्हा दाखल झाला ऑगस्टमध्ये, म्हणून दाखल करण्याची, तपासाची, जामिनाची रीत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. ठाणे अंमलदाराने हे बरोबर केलं होतं. फरक नुसता आकड्यांचाही नाही. फसवणुकीला जुन्या ४२० मध्येही सात वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि नव्या ३१८(४) मध्येही सातच आहे. पण विश्वासघाताला ४०६ मध्ये तीन वर्षं होती, ती नव्या ३१६(२) मध्ये पाच झाली. एका रकान्यातल्या तारखेवर दोन वर्षांचा फरक अवलंबून असतो.

मात्र 'ते ०९/०८/२०२४' हा शेवट मला खटकला. ही तारीख चेक न वटल्याची होती. आता आरोपीचा वकील विचारू शकतो की गुन्हा ऑगस्टपर्यंत चालू होता म्हणता, मग जुना कायदा कसा? उत्तर सोपं आहे. खोटं बोलून माल काढून घेतला तिथेच फसवणूक पूर्ण होते. नंतर न वटलेला चेक हा तिचा पुरावा आहे, तिचा भाग नव्हे. तरीही अंमलदाराने शेवटची तारीख मार्चचीच टाकली असती तर हे उत्तर द्यायची वेळ आली नसती.

पुतण्याचं समाधान झालं. माझं नव्हतं, कारण अजून रकाना बारा वाचायचा होता. त्यात फिर्यादीचा जबाब असतो, आणि खरी एफआयआर तीच. बाकी सगळे रकाने त्यातून उचललेले असतात. उचलताना काही गळतं, काही बदलतं.

जबाब सव्वा पानाचा होता. पोलिसी मराठीत, जसा असतो तसा. 'सदर इसमाने माझा विश्वास संपादन करून माझ्या बागेतील ९,८४० किलो द्राक्षे प्रतिकिलो ३६ रुपये दराने नेली. विसार म्हणून ५०,००० रुपये रोख दिले. उर्वरित रकमेची वारंवार मागणी केली असता टाळाटाळ केली. दि. २०/०६/२०२४ रोजी दि. ०५/०८/२०२४ या तारखेचा चेक दिला. सदरचा चेक दि. ०९/०८/२०२४ रोजी न वटता परत आला. तरी माझी फसवणूक झाली असून माझी कायदेशीर फिर्याद आहे.'

मी पेन काढून '०९/०८/२०२४' भोवती गोल केला आणि अण्णांना विचारलं, "चेक परत आल्यावर व्यापाऱ्याला नोटीस पाठवली?"

"नाही. पोलिसांत गेलोय की आता. तेच बघतील ना?"

सगळं प्रकरण इथे अडलं होतं. चेक न वटल्याचा खटला हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली चालतो आणि तो पोलीस चालवत नाहीत. ज्याच्या नावे चेक आहे त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करायची असते. त्याआधी बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी मागणी नोटीस जावी लागते. एफआयआर दाखल झाली म्हणून हे ३० दिवस थांबत नाहीत. खटला दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मागता येते, पण नोटिशीच्या उशिराला माफीची तरतूद नाही. आणि ही मुदत एफआयआरच्या कुठल्याच रकान्यात नसते. ती जबाबाच्या मधल्या एका वाक्यात दडलेली असते.

बँकेचा रिटर्न मेमो अण्णांनी पिशवीतून काढला. त्यावर कारण 'फंड्स इनसफिशियंट' आणि तारीख ८ ऑगस्ट. "मग जबाबात नऊ कशी?" मी विचारलं. अण्णा नऊ तारखेला शाखेत जाऊन मेमो घेऊन आले होते, म्हणून त्यांनी तीच सांगितली. खोटं काहीच नव्हतं. पण पुतण्याने अण्णांचा मोबाईल चाळला, तर बँकेचा एसएमएस आठ तारखेला संध्याकाळीच आलेला. कळलं तेव्हापासून मुदत मोजायची, आणि एसएमएस म्हणजे कळणंच असं समोरचा म्हणणार. अशा वेळी आपल्याला गैरसोयीची तारीख धरून मोजावं. आठ ऑगस्टचा दिवस सोडून तीस दिवस, म्हणजे ७ सप्टेंबर.

७ सप्टेंबर शनिवार होता, गणेश चतुर्थी. नऊ तारखेपासून मोजलं तरी ८ सप्टेंबर, रविवार, आणि त्या दिवशी तासगावला गणपतीचा रथोत्सव. दोन्ही दिवशी टपाल खिडकी बंद. खऱ्या अर्थाने हातात बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार होते. पुतण्याला अजून वाटत होतं की आपण कलमांबद्दल बोलायला आलोय.

नोटिशीत कोणती रक्कम लिहायची, हा पुढचा खड्डा. रकाना दहामध्ये एकूण मूल्य ३,५४,२४० रुपये होतं. ९,८४० गुणिले ३६, हिशेब बरोबर. पण विसार ५०,००० मिळालेला, म्हणजे येणं ३,०४,२४०, आणि चेकही तेवढ्याचाच. पोलिसांनी मालाची पूर्ण किंमत लिहिली. त्यांच्या दृष्टीने ते चालतं, तपासात दुरुस्त होतं. पण कलम १३८ च्या नोटिशीत चेकवरच्याच रकमेची मागणी असावी लागते. एफआयआर समोर ठेवून घाईत नोटीस टाइप केली आणि रकाना दहाचा आकडा उचलला, तर खटला पहिल्याच पायरीवर अडखळू शकतो. मी हे होताना पाहिलंय.

पत्त्याचंही तसंच. रकाना सातमध्ये व्यापाऱ्याचा पत्ता तासगावातल्या एका खोलीचा होता. "हंगामापुरती घेतलेली खोली हो ती. एप्रिलमध्येच सोडली त्यानं," अण्णा म्हणाले. मग त्याचा कायमचा पत्ता कुठे? जबाबात फक्त 'मूळ रा. कर्नाटक' एवढंच. शेवटी पुतण्याकडे व्हॉट्सॲपवर व्यापाऱ्याने फेब्रुवारीत पाठवलेल्या आधारकार्डाचा फोटो निघाला. त्यावर पूर्ण पत्ता होता. हा फोटो पोलिसांना दाखवला का म्हणून विचारलं, तर "त्यांनी मागितलाच नाही."

नोटीस त्याच संध्याकाळी लिहिली. ५ सप्टेंबरला, गुरुवारी, रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह दोन्ही पत्त्यांवर गेली.

आता कलमांकडे. ४०६ आणि ४२० ही जोडी पैशाच्या जवळपास प्रत्येक एफआयआरमध्ये एकत्र दिसते. हात बसलेला असतो. पण ही दोन एकमेकांच्या विरुद्ध टोकाची आहेत. विश्वासघात म्हणजे वस्तू विश्वासाने सांभाळायला दिली आणि घेणाऱ्याने नंतर गिळली. सुरुवातीला सगळं प्रामाणिक असतं. फसवणुकीत सुरुवातच खोटी असते. अण्णांनी द्राक्षं सांभाळायला दिली नव्हती, विकली होती. विकलेल्या मालाची मालकी घेणाऱ्याकडे जाते. मग पैसे बुडाले तरी ते ४०६ होत नाही. योगायोग असा की ही एफआयआर दाखल होण्याच्या पाचच दिवस आधी, २३ ऑगस्ट २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने 'दिल्ली रेस क्लब विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य' या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं होतं. तिथे घोड्यांचा खुराक पुरवला होता आणि बिलं थकली होती, म्हणजे अण्णांच्याच जातीचं प्रकरण. एकाच घटनेवर फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकत्र उभे राहू शकत नाहीत, असं न्यायालय म्हणालं.

म्हणून ४०६ वर मी फार वेळ घालवला नाही. ते गळणार, दोषारोपपत्रात नाही तर कोर्टात. ३४ म्हणजे समान इरादा. रकाना सातमध्ये दुसरा आरोपी 'अनोळखी इसम' होता, तो माल भरून नेणारा टेम्पोवाला निघण्याची शक्यता जास्त. मुद्दा ४२० टिकेल का हा होता, आणि त्याची मला काळजी वाटली.

जबाब पुन्हा वाचा. दर ठरला, विसार दिला, माल नेला, पैसे दिले नाहीत, चेक वटला नाही. यात माल नेण्याच्या दिवशी व्यापाऱ्याच्या मनात काय होतं याचा एकही शब्द नाही. 'विश्वास संपादन करून' हे ठाण्यातलं ठरलेलं वाक्य आहे, पुरावा नव्हे. ४२० साठी सुरुवातीपासूनचा खोटेपणा दिसावा लागतो. एवढ्या जबाबावर आरोपीचा वकील उभा राहून म्हणेल की विसार दिला, चेक दिला, धंद्यात तोटा झाला, हा दिवाणी वाद आहे. आणि जामिनाच्या टप्प्यावर तरी हे ऐकलं जाईल.

"अण्णा, तो पहिल्यांदा बागेत आला तेव्हा काय म्हणाला?"

मग गाडी सुरू झाली. त्याने बंगळुरूच्या एका फर्मचं कार्ड दिलं होतं, 'आम्ही त्यांचेच खरेदीदार' म्हणाला. एप्रिलमध्ये पुतण्याने त्या फर्मला फोन केला, तर 'ह्या माणसाचा आणि आमचा आदल्या वर्षीपासून संबंध नाही.' त्याच आठवड्यात शिवारातल्या आणखी तिघांच्या बागा त्याने अशाच उचलल्या होत्या, प्रत्येकाला तेवढाच पन्नास हजार विसार. चौघांचाही माल गेल्यावर मोबाईल बंद. हे सगळं ठाण्यात सांगितलं का? "सांगितलं की. साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा."

खोटं कार्ड आणि एकाच वेळी चौघांना तोच विसार, ४२० यावर उभं राहतं. एफआयआरमध्ये नेमकं तेवढंच नव्हतं.

दाखल झालेली एफआयआर दुरुस्त होत नाही. खाडाखोड करून देत नाहीत आणि मागूही नये. पण एफआयआर म्हणजे सगळ्या हकिकतीची पोथी नव्हे, हे कोर्टांनी अनेकदा म्हटलंय; राहिलेलं पुरवणी जबाबात येऊ शकतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली तपासी अंमलदार साक्षीदारांचे जबाब नोंदवतात. तपासी अंमलदाराचं नाव रकाना तेरामध्ये असतं, आणि ते गुन्हा नोंदवणाऱ्यापेक्षा वेगळं असू शकतं. इथे वेगळंच होतं. अण्णा दोनदा ठाण्यात जाऊन भलत्याच साहेबांना भेटून आले होते. फक्त पुरवणी जबाब लवकर झाला पाहिजे. दोन महिन्यांनी, जामिनाच्या सुनावणीनंतर आलेल्या नव्या गोष्टींना 'नंतर सुचलेलं' हा शिक्का बसतो.

रकाना आठ, खबर देण्यास विलंबाचं कारण, 'निरंक' होता. मार्चचा व्यवहार आणि ऑगस्टची फिर्याद, आणि विलंब निरंक! अण्णांकडे १२ जुलैला ठाण्यात दिलेल्या तक्रार अर्जाची आवक शिक्क्याची प्रत होती. तिचा उल्लेख जबाबात नाही. तीही पुरवणी जबाबाला जोडायची ठरली. रकाना पंधरा, कोर्टात पाठवल्याची तारीख, कोरा होता. फिर्यादीच्या प्रतीत तो पुष्कळदा कोराच असतो, त्यावर घाबरायचं कारण नाही. खरी नोंद न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेलेल्या प्रतीवर बघायची.

निघताना अण्णांनी आणखी एक गोष्ट सहज सांगितली. गुरुवारी साहेबांनी मूळ चेक आणि मेमो घेऊन बोलावलंय, जप्त करायला. मी त्यांना परत बसवलं. पोलिसांचं मागणं गैर नाही, तो तपासातला पुरावा आहे. पण १३८ च्या खटल्यात मूळ चेक लागतो, आणि एकदा तो मुद्देमालात गेला की कोर्टात अर्ज करून मिळवेपर्यंत मुदती निघून जातात. शिवाय चेक ५ ऑगस्टचा, तीन महिने चालणारा. नोटिशीत काही गडबड झालीच तर तोवर पुन्हा बँकेत भरून नवी नोटीस देता येते. चेक हातात असेल तर. म्हणून साध्या कागदावर अर्ज दिला की मूळ चेक कलम १३८ च्या फिर्यादीसाठी लागणार आहे, साक्षांकित प्रती सोबत जोडत आहोत, कोर्टाच्या आदेशाने मूळ कधीही हजर करू. साहेबांनी कुरकुर करून प्रती घेतल्या. नसत्या घेतल्या तर निदान जप्ती पंचनाम्याची प्रत हातात घेऊनच चेक सोडायचा होता.

"मग त्याला अटक कधी?" हा पुतण्याचा शेवटचा प्रश्न. ४२० दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, पण शिक्षा सात वर्षांपर्यंतची. अशा गुन्ह्यांत अटक आपोआप करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस जाते. तो हजर राहिला, सहकार्य केलं, तर अटकेसाठी पोलिसांना कारणं लिहावी लागतात. म्हणून मी पुतण्याला सांगितलं की पुढची बातमी अटकेची नसेल, सांगलीच्या सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाच्या अर्जाची असेल. त्या वेळी सरकारी वकिलांच्या हातात कार्ड, फर्मचा नकार आणि बाकी तिघांचे जबाब असले पाहिजेत. शिवाय कलम १९३ खाली तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचं असतं. २८ ऑगस्टपासून ते २६ नोव्हेंबरला भरत होते. पुतण्याने मोबाईलवर गजर लावला.

पुरवणी जबाब १२ सप्टेंबरला झाला, तिघा शेजाऱ्यांचेही त्याच आठवड्यात. अटकपूर्व जामिनाचा अर्ज महिनाअखेरीला आला. सुनावणीत फर्मचं कार्ड वाचून दाखवल्यावर आरोपीच्या वकिलांनी 'दिवाणी वाद' हे शब्द पुन्हा वापरले नाहीत. जामीन मिळाला, पण दर सोमवारी ठाण्यात हजेरीच्या अटीवर.

नोटिशीचं एक पाकीट 'सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आलं, तासगावच्या खोलीवरचं. कर्नाटकातल्या पत्त्यावरची पोचपावती मात्र ११ सप्टेंबरच्या सहीची आली. तिथून पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे २६ सप्टेंबरपर्यंत. आले नाहीत. त्यानंतर फिर्यादीला महिनाभर मिळतो. आम्ही दसरा उरकून सोमवारी, १४ ऑक्टोबरला ती दाखल केली, मूळ चेक सोबत लावून.